संपूर्ण शरीराचं स्कॅन आणि १.८ सेंटिमीटरची गाठ

मला काहीही होत नव्हतं. वय ५२, रक्तदाब ठीक, साखर ठीक, घरात कुणाला लहान वयात कॅन्सर झालेला नाही, सिगारेट कधी ओढलेली नाही. जवळच्या एका मैत्रिणीचा स्वादुपिंडाचा कॅन्सर फार उशिरा कळला आणि ती गेली. त्या धक्क्यात मी आणि माझ्या नवऱ्याने संपूर्ण शरीराच्या एमआरआयचं पॅकेज घेतलं. पुढे काय काय झालं ते क्रमाने लिहितेय, कारण अशा पॅकेजबद्दलचं बोलणं बहुधा स्कॅनच्या दिवसापाशीच थांबतं, आणि खरं प्रकरण रिपोर्ट हातात आल्यावर सुरू होतं.

स्कॅनचा दिवस अगदी सोपा गेला. अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवायचं, शरीरात पेसमेकर किंवा कसलं इम्प्लांट आहे का याचा फॉर्म भरायचा, मग पाठीवर झोपायचं. मानेपासून मांड्यांपर्यंत कॉइल अंथरतात आणि टेबल टप्प्याटप्प्याने आत सरकतं. छाती-पोटाच्या टप्प्यात "श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा" अशा सूचना कानात येत राहतात. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, माझ्या पॅकेजमध्ये कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही नव्हतं. त्यामुळे "यात गमावण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न मला तेव्हा बिनतोड वाटला होता.

रिपोर्ट आला तो कित्येक पानांचा. कमरेच्या दोन चकत्या किंचित बाहेर आलेल्या, यकृतात एक छोटा हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, उजव्या मूत्रपिंडावर साधी सिस्ट. ही तीन वाक्यं वाचतानाच हातपाय गार पडले, पण त्यांच्यापुढे निदान "सौम्य" किंवा "वयानुरूप" असं काहीतरी लिहिलं होतं. चौथं वाक्य वेगळं होतं. डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत १.८ सेंटिमीटरची गाठ, स्वरूप अनिश्चित, क्लिनिकल कोरिलेशन करावं, ॲड्रिनलचा स्वतंत्र सीटी स्कॅन आणि हार्मोनच्या तपासण्या सुचवल्या आहेत.

ॲड्रिनल म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली छोटी ग्रंथी. कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, ॲड्रिनलिन ही हार्मोन्स तिथे तयार होतात. मला ती आहे हे शाळेत शिकल्यापलीकडे कधी आठवलंही नव्हतं.

"क्लिनिकल कोरिलेशन" या शब्दांवर मी नंतर बराच विचार केला. रेडिओलॉजिस्ट समोरच्या चित्रात दिसतं ते लिहितो आणि सांगतो की रुग्णाची लक्षणं आणि तपासणी यांच्याशी हे ताडून पाहा. पोट दुखतंय म्हणून स्कॅन केलं असेल तर ताडायला काहीतरी असतं. दुखणं कुठे आहे, कधीपासून आहे, रक्तात काय आलं, यावरून दिसलेल्या गोष्टीला वजन मिळतं किंवा ती बाजूला ठेवता येते. माझ्या बाबतीत ताडायला काहीच नव्हतं, कारण कुठलाही प्रश्न न घेता मी स्कॅनमध्ये शिरले होते. प्रश्नच नसला की चित्रात दिसणारी प्रत्येक गोष्ट उत्तर होऊन बसते. यात रेडिओलॉजिस्टचा दोष आहे असं मला वाटत नाही. दिसलेली गाठ त्यांनी लिहायला नको होती का? लिहायलाच हवी होती. अडचण त्याच्या आधीच्या पायरीत आहे.

गाठ "अनिश्चित" का ठरली, हेही मला पुढे कळलं. ॲड्रिनलच्या बहुसंख्य गाठी साध्या ॲडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठी असतात आणि त्यांतल्या बहुतेकींच्या पेशींत चरबी भरलेली असते. एमआरआयमध्ये एक खास जोडी काढतात, इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज. दुसऱ्या चित्रात चरबीवाली गाठ काळवंडली की ती ॲडेनोमा आहे असं जवळजवळ नक्की होतं. माझ्या त्या चित्रांच्या वेळी श्वास नीट धरला गेला नव्हता आणि चित्र हललं होतं. संपूर्ण शरीर ठरलेल्या वेळात बसवायचं म्हणजे प्रत्येक अवयवाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात. फक्त ॲड्रिनलचा एमआरआय असता तर ती चित्रं तिथल्या तिथे पुन्हा घेतली गेली असती. म्हणजे या स्कॅनला गाठ दिसते खरी, पण ती कसली आहे हे सांगण्याइतकं बारकाईने तो पाहीलच असं नाही.

रिपोर्ट घेऊन आम्ही आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं एकदमच लिहून दिलं: कॉन्ट्रास्टसह ॲड्रिनलचा सीटी, कॉर्टिसॉलसाठी डेक्सामेथासोन टेस्ट, आणि प्लाझ्मा मेटानेफ्रिन. ही शेवटची तपासणी फिओक्रोमोसायटोमा नावाच्या दुर्मीळ गाठीसाठी असते. ही गाठ ॲड्रिनलिनच्या जातीची हार्मोन्स सोडते आणि त्यामुळे रक्तदाब अचानक उसळतो, छाती धडधडते, डोकं दुखतं, दरदरून घाम फुटतो.

सीटीची तारीख थोडी पुढची मिळाली, रक्ताच्या तपासण्या लगेच झाल्या. मेटानेफ्रिनचं रक्त मी लॅबमध्ये खुर्चीवर बसून दिलं. धावतपळत पोचले होते, आदल्या रात्री झोप अशी लागलीच नव्हती, आणि शीर सापडेना म्हणून दोनदा सुई टोचावी लागली. निकाल आला तेव्हा त्यातल्या नॉरमेटानेफ्रिनचा आकडा कमाल मर्यादेच्या थोडा वर होता, साधारण सव्वापट. त्याच्यापुढे लाल अक्षरात बाण.

त्या बाणाने माझं काय केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण "अँग्झायटी" असं एका शब्दात लिहिलं की ती खरी वाटत नाही. मी फिओक्रोमोसायटोमाची लक्षणं वाचून काढली आणि ती माझ्यात आहेत असं मला दिसू लागलं. घाम? रजोनिवृत्तीच्या वयात रात्री अंग तापून घाम येतो, तो मला वर्षभर येतच होता. मी त्याला कधी आजार म्हटलं नव्हतं. आता दर वेळी घाम फुटला की मी उठून रक्तदाब मोजू लागले. मध्यरात्री घाबरून उठलेल्या माणसाचा रक्तदाब जेवढा यायचा तेवढा यायचा, एकदा १४८/९२ आला. तो आकडा पाहिला की धडधड सुरू. धडधड सुरू झाली की पुन्हा मोजायचं, म्हणजे आकडा आणखी वर. नवरा म्हणायचा, "अगं, आत्ता नको मोजूस, सकाळी बघू." पण हात त्या मशीनकडे जायचाच. स्कॅनच्या आधी मी लक्षणं नसलेली बाई होते. आता माझ्याकडे त्यांतली तीन लक्षणं होती, आणि ती खोटी नव्हती. घाम वयाचा होता, धडधड आणि रक्तदाब भीतीचा होता.

हे वाढलेले आकडे फॅमिली डॉक्टरांना कळवल्यावर यादीत आणखी एक तपासणी चढली. ॲड्रिनलची गाठ आहे आणि रक्तदाब जास्त आहे, तर रक्तदाबावर परिणाम करणाऱ्या अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं प्रमाण पाहायला हवं. नियम म्हणून ते बरोबरच आहे, ॲड्रिनलची गाठ असणाऱ्या आणि रक्तदाब वाढलेल्या माणसात ही तपासणी करतातच. फक्त माझा रक्तदाब मुळात वाढलेला होता का, हा प्रश्न त्या घाईत मागे पडला.

दरम्यान घरातून सल्ले सुरू झाले. भाऊ म्हणाला, "सुई घालून तुकडा काढून तपासून घे, म्हणजे विषयच संपला." वहिनीचं म्हणणं, "काढूनच टाका ना ती गाठ." त्या बिचाऱ्यांचा जीव तुटत होता माझ्यासाठी, आणि मलाही तेच सगळ्यात सरळ वाटत होतं. काहीतरी सापडलंय, तर त्याचा निकाल लावून मोकळं व्हावं.

निकाल लावला तो हार्मोनतज्ज्ञ बाईंनी, म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्टनी, आणि तोही तपासण्या वाढवून लावला नाही. त्यांनी आधी माझा हात हातात घेऊन नाडी पाहिली, पोट तपासलं, हातापायाची कातडी पाहिली, वजन अचानक वाढलं का, सहज निळे डाग पडतात का, जिना चढताना मांड्यांत जोर कमी वाटतो का, असं विचारलं. कॉर्टिसॉल जास्त असेल तर ही चिन्हं दिसतात. मग रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या हजार माणसांचं पोटाचं स्कॅन केलं तर चाळीसेक जणांच्या ॲड्रिनलमध्ये अशी गाठ दिसेल. वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं. ॲड्रिनलचा कॅन्सर मात्र दहा लाख माणसांमागे वर्षाला एक-दोघांना होतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा."

मी ठेवून पाहिले. हजारात चाळीस म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार. चाळीस हजार गाठी एका बाजूला, वर्षाला एक-दोन कॅन्सर दुसऱ्या बाजूला. अर्थात त्या चाळीस हजारांत काही गाठी थोडं जास्त हार्मोन सोडणाऱ्या असतात आणि त्या शोधण्यात अर्थ आहे, म्हणून तपासणी अजिबात करू नये असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचा मुद्दा क्रमाचा होता. आधी सीटीवर गाठीचं घनत्व बघायचं, मग त्यावरून ठरवायचं की कोणत्या तपासण्यांना अर्थ आहे. माझ्या बाबतीत सगळं एकदम लिहिलं गेलं होतं आणि ज्या तपासणीची कदाचित गरजच पडली नसती, तिचाच निकाल सगळ्यात आधी हातात आला होता.

मेटानेफ्रिनबद्दल त्यांनी सांगितलेली गोष्ट मला लॅबमध्ये कुणी सांगितली नव्हती. हे रक्त शांत खोलीत आडवं पडून, वीस ते तीस मिनिटं गेल्यावर घ्यायचं असतं, शक्यतो आधीच लावून ठेवलेल्या सुईतून. उठून बसलं की नॉरमेटानेफ्रिन आपोआप वाढतं, धावपळ आणि ताण यांनी वाढतं, नैराश्यावरच्या काही औषधांनीही वाढतं. मर्यादेच्या सव्वापट निकाल बहुतेक वेळा अशाच कारणांनी येतो. खऱ्या फिओक्रोमोसायटोमात आकडा सहसा कितीतरी पट वर असतो. आणि मुख्य म्हणजे, निरोगी माणसांची ही तपासणी केली तर काहींचा निकाल वर येणारच. धरून चालू की तब्येत चांगली असलेल्या शंभरांपैकी दहांचा येतो. ज्यांना हा आजार असण्याची शक्यता मुळातच हजारात एकाहूनही कमी आहे अशा हजार जणांची तपासणी केली, तर शंभर लाल बाण मिळतील आणि त्यांतला फार तर एक खरा असेल. तोच लाल बाण रक्तदाबाचे झटके येणाऱ्या माणसाच्या रिपोर्टवर असेल तर त्याचं वजन पूर्णपणे वेगळं. तपासणी तीच, यंत्र तेच, आकडाही तोच; अर्थ ठरतो तो तपासणीच्या आधी आजाराची शक्यता किती होती यावरून.

बायोप्सीचा विषय त्यांनी एका मिनिटात मिटवला. ॲड्रिनलच्या गाठीत सुई घालून काढलेल्या तुकड्यावरून साधा ॲडेनोमा आणि ॲड्रिनलचाच कॅन्सर यांत खात्रीने फरक करता येत नाही. शिवाय गाठ खरोखर फिओक्रोमोसायटोमा असेल तर सुईच्या धक्क्याने रक्तदाब जिवावर बेतेल इतका उसळू शकतो. दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर आधीच झालेला असेल आणि तो ॲड्रिनलमध्ये पसरलाय का हे ठरवायचं असेल, अशा मोजक्या प्रसंगांतच ती करतात.

रक्तदाबाचंही त्यांनी नीट लावून दिलं. मध्यरात्रीचं मोजणं बंद. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, हात छातीच्या पातळीवर ठेवून, दोन-दोन वेळा मोजायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर रक्तदाब वाढलेला धरत नाहीत. माझी आली १२२/७८. रेनिन-अल्डोस्टेरॉनची तपासणी यादीतून गेली.

मग सीटी. इथे माझं नशीब चांगलं की त्या दिवशी रेडिओलॉजिस्ट स्वतः कन्सोलवर बसलेल्या होत्या. आधी कॉन्ट्रास्ट न देता पोटाचं स्कॅन घेतात. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूचं घनत्व हाउन्सफील्ड युनिटमध्ये मोजतात: पाण्याचं शून्य, हवेचं उणे हजार, चरबीचं साधारण उणे शंभर. गाठीवर माऊसने एक वर्तुळ काढलं की आतल्या बिंदूंची सरासरी पडद्यावर येते. गाठ एकसारखी दिसत असेल आणि आकडा दहा किंवा त्याखाली असेल तर ती चरबीने भरलेली सौम्य ॲडेनोमा आहे असं मानतात. तिच्यासाठी ना कॉन्ट्रास्टची गरज, ना पुढे कधी पुन्हा स्कॅनची; युरोपातल्या एंडोक्रायनोलॉजी तज्ज्ञांची २०२३ ची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते. माझ्या गाठीचा आकडा सहा आला. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "इंजेक्शन नको. आम्हाला हवं ते मिळालंय." माझ्या हातात सुई लावून ठेवलेली होती, ती तशीच काढली.

फिओक्रोमोसायटोमाचं घनत्व दहाच्या खाली जवळजवळ कधीच नसतं. म्हणजे हा सहा आकडा हातात असता तर मेटानेफ्रिनचं रक्त काढायचीच गरज नव्हती, आणि तो लाल बाण, त्या रात्री, ते मशीन यांतलं काहीच घडलं नसतं. तरी एकदा वर आलेला निकाल तसा सोडवत नव्हता, म्हणून तो नीट पद्धतीने पुन्हा केला. अंधाऱ्या शांत खोलीत आडवी पडून अर्ध्या तासाने रक्त दिलं. आकडा मर्यादेच्या आत आला.

डेक्सामेथासोनची टेस्ट मात्र अशा गाठीत सगळ्यांचीच करतात. रात्री अकराला एक मिलिग्रॅमची गोळी घ्यायची, सकाळी आठ-नऊच्या दरम्यान कॉर्टिसॉल मोजायचं. ग्रंथी शरीराच्या हुकमात असेल तर कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत किंवा त्याखाली उतरतं, माझं १.१ होतं. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन चालू असेल तर हाच आकडा खोटा वर येतो. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी गोळ्या घेणाऱ्या बायकांनी हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, नाहीतर तिथून आणखी एक फेरा सुरू होईल.

इथे खरं तर संपायला हवं होतं. पण पोटाच्या सीटीत फुप्फुसांचा तळचा भागही येतो, आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ४ मिलिमीटरचा नोड्यूल, आवश्यक वाटल्यास छातीचा सीटी करावा. एका अवयवाची शंका फेडायला केलेल्या स्कॅनने दुसऱ्या अवयवाची शंका दिली होती. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "करून टाकू, मनाला स्वस्थता मिळेल." स्वस्थता हा शब्द ऐकून मला रडू आलं. पहिलं पॅकेजही स्वस्थतेसाठीच घेतलं होतं.

या वेळी मी आधी तज्ज्ञ बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की फुप्फुसातल्या अशा ठिपक्यांसाठी फ्लाइशनर सोसायटीचे नियम आहेत. ३५ वर्षांवरच्या, कॅन्सर झालेला नसलेल्या आणि प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या माणसात, पोटाच्या सीटीच्या कडेला असा सहा मिलिमीटरपेक्षा लहान घट्ट ठिपका अचानक दिसला, तर पुढे काही करण्याची शिफारस नाही. जुन्या जंतुसंसर्गाची खूण किंवा फुप्फुसातली इवलीशी लिम्फची गाठ असे ठिपके असंख्य लोकांत असतात. छातीचा सीटी केलाच तर वरच्या भागात आणखी दोन ठिपके सापडण्याची शक्यता बरीच, आणि मग सहा महिन्यांनी पुन्हा. तो सीटी मी केला नाही.

सगळ्या प्रकरणात मला भेटलेला सगळ्यात चिवट युक्तिवाद म्हणजे "पण लवकर कळलेलं बरंच ना?" माझी मैत्रीण आठवली की मलाही तो पटतो. पण लवकर कळण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा सापडणारी गोष्ट पुढे त्रास देणारी असते आणि लवकरच्या उपचाराने तिचा शेवट बदलतो. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाल्यावर अनेक ठिकाणी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानांचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र जिथल्या तिथे राहिले. मरेपर्यंत कधीच कळले नसते असे बारीक कॅन्सर सापडत होते, आणि त्यापायी माणसांच्या ग्रंथी काढल्या जात होत्या. अनेकांना मग जन्मभर गोळी. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रिया झपाट्याने खाली आल्या. लक्षणं नसलेल्या लोकांच्या संपूर्ण शरीराच्या एमआरआयवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर साधारण तिघांपैकी एकात गंभीर किंवा अनिश्चित असं काहीतरी निघतं. असे स्कॅन केल्याने माणसं जास्त जगतात याचा पुरावा नाही, आणि लक्षणं, जोखीम किंवा घराण्याचा इतिहास नसलेल्यांना हे स्कॅन सुचवावेत इतका पुरावा नाही, असं अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०२३ मध्ये जाहीरच केलं आहे.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. ली-फ्रॉमेनी सिंड्रोम असलेल्या, म्हणजे टीपी५३ जनुकात जन्मजात दोष असलेल्या कुटुंबांत कमी वयात, वेगवेगळ्या अवयवांचे कॅन्सर होतात. तिथे दर वर्षी संपूर्ण शरीराचा एमआरआय सुचवतात. तिथे मुळातली शक्यता मोठी असते, त्यामुळे सापडलेल्या गोष्टीला अर्थ असतो. ज्यांच्या घरात असा इतिहास आहे त्यांनी माझं वाचून स्कॅन टाळू नये.

आता नवऱ्याबद्दल. त्याचा रिपोर्ट "कुठलाही लक्षणीय दोष नाही" असा आला आणि ते वाचून तो इतका निर्धास्त झाला की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीची शौचाची तपासणी, जी त्याला डॉक्टरांनी लिहून दिली होती, ती त्याने बाजूला टाकली. "सगळं शरीर तपासलंय की!" पण त्या एमआरआयमध्ये आतड्यातले छोटे पॉलिप दिसत नाहीत. माझ्या बाबतीतही त्यात गर्भाशयमुखाच्या पेशी दिसत नाहीत, आणि स्तनातले कॅल्शियमचे बारीक कण मॅमोग्राफीतच कळतात. ज्या तपासण्यांमुळे मृत्यू कमी होतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे, त्यांच्या जागी हे स्कॅन बसत नाही. मला त्याच्या "स्वच्छ" रिपोर्टची काळजी माझ्या गाठीपेक्षा जास्त वाटली, आणि ती शौचाची तपासणी करून घेईपर्यंत मी त्याच्या मागे लागले.

तज्ज्ञ बाईंनी शेवटच्या भेटीत माझ्या फाइलवर स्पष्ट लिहून दिलं: चरबीयुक्त ॲडेनोमा, ६ हाउन्सफील्ड, हार्मोन सोडत नाही, पुढे स्कॅन नको. हे लेखी मागून घेतलं हे बरं झालं. पुढे विम्याच्या फॉर्मवर "कुठली तपासणी प्रलंबित आहे का?" हा प्रश्न आला तेव्हा तेच पान जोडलं. आणि पॅकेजवाल्यांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या ॲड्रिनलच्या गाठीचं फॉलो-अप स्कॅन ड्यू आहे, जुन्या ग्राहकांना सवलत आहे," तेव्हाही तेच पान समोर धरून त्यांना वाचून दाखवलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, "मग निदान बाकीचं शरीर तरी बघून घ्यायचं का?" मी नको म्हटलं, आणि माझा नंबर त्यांच्या यादीतून काढायला सांगितला.